घाम-थरथरीच्या वेळी घेतलेल्या रक्तात साखर ४३, इन्सुलिन कमी, पण सी-पेप्टाइड मात्र जास्त: याचा अर्थ कसा लावायचा?

निशिगंध

माझ्या यजमानांचे वय ४७ आहे. त्यांना मधुमेह नाही आणि आजवर कधी नव्हता. गेल्या आठ महिन्यांपासून त्यांना पहाटे, किंवा जेवणाची वेळ टळली की, अचानक दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात आणि बोलताना शब्द अडखळतात. साखरेचे पाणी दिले की दहा-पंधरा मिनिटांत माणूस पूर्ववत होतो. सुरुवातीला आम्ही हे दगदगीवर ढकलले. पण या भीतीने ते सतत काहीतरी खात राहिले आणि वजन पाच किलोने वाढले, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितले, की त्रास सुरू असतानाच, काहीही खायला देण्यापूर्वी, रक्तातील साखर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड आणि कीटोन यांसाठी नमुना घ्या.

पहिला प्रयत्न आमच्याच चुकीने फसला. घाबरून मी आधी साखरेचे पाणी दिले आणि मग त्यांना प्रयोगशाळेत नेले. त्या अहवालात साखर ९१, इन्सुलिन २४ आणि सी-पेप्टाइड ५.१ आले. डॉक्टरांनी तो कागद सरळ बाजूला ठेवला.

दुसऱ्या वेळी पहाटे ५:४० ला जाग आली तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता. घरच्या ग्लुकोमीटरवर ४७ दिसले. यावेळी काही न देता पाच मिनिटांच्या अंतरावरील रुग्णालयात नेले. हात इतका थरथरत होता, की शीर सापडेना. तिसऱ्या टोचणीला बारीक सुईतून थोडेथोडे रक्त सिरिंजमध्ये आले आणि परिचारिकेने ते तशाच सुईतून जोर लावून नळ्यांमध्ये सोडले. त्यानंतर ग्लुकोज दिले आणि बारा मिनिटांत ते नीट बोलू लागले.

अहवाल असा आहे: साखर ४३ मिलिग्रॅम, इन्सुलिन १.८ मायक्रोयुनिट, सी-पेप्टाइड २.३ नॅनोग्रॅम, कीटोन (बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट) ०.१ मिलिमोल. तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना हीमोलाइझ्ड’ असा शेरा आहे. डॉक्टरांची भेट नऊ दिवसांनी आहे. इन्सुलिन कमी आहे म्हणजे स्वादुपिंडाची शंका मिटली, असे समजावे का? आणि तसे असेल तर सी-पेप्टाइड त्याच्याशी जुळत का नाही?

वाटसरू

मी डॉक्टर नाही, पण घरातल्या एका प्रकरणामुळे या विषयावर बरेच वाचले आहे. साखर ५५ च्या खाली असताना इन्सुलिन ३ किंवा त्याहून अधिक असेल, तर ते वाजवीपेक्षा जास्त मानतात. तुमच्याकडे ते १.८ आहे. याचा अर्थ साखर उतरल्यावर शरीराने इन्सुलिन बंद केले, म्हणजे जे व्हायला हवे तेच झाले. त्यामुळे इन्सुलिन तयार करणारी गाठ असण्याची शक्यता निकालात निघाली असे मला वाटते. सी-पेप्टाइड २.३ हे बहुतेक अहवालांवर छापलेल्या सामान्य मर्यादेत बसते, तेव्हा त्याची चिंता करू नये. थोड्या थोड्या अंतराने खाणे आणि मन शांत ठेवणे एवढे पुरेसे ठरावे.

जुनी वही

वाटसरू, तीनची मर्यादा तुम्ही बरोबर सांगितलीत, पण पुढचा निष्कर्ष या नमुन्याला लागू पडत नाही. मी वीस-बावीस वर्षे जीवरसायन प्रयोगशाळेत काम केले आहे आणि अशा अहवालात मी सर्वात आधी तळाचा तो बारीक शेरा वाचतो.

नमुना हीमोलाइझ्ड आहे म्हणजे तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातील द्रव्य सीरममध्ये मिसळले आहे. नळी फिरवल्यावर वर पिवळसर पाणी दिसायला हवे, त्याऐवजी ते गुलाबी दिसते. तांबड्या पेशींमध्ये इन्सुलिन तोडणारे एक विकर असते. पेशी फुटल्या की ते बाहेर येते आणि नळीतच इन्सुलिन खाऊ लागते. नळी जितका वेळ खोलीच्या तापमानात पडून राहते, तितके इन्सुलिन घटत जाते. सी-पेप्टाइडला या विकराचा तसा उपद्रव होत नाही. बारीक सुईतून जोर लावून नळीत सोडलेले रक्त फुटणारच, त्यात नवल नाही. परिचारिकेला दोष द्यावा असेही मला वाटत नाही. थरथरणाऱ्या हातातून पहाटे रक्त मिळाले हेच मोठे काम झाले.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. स्वादुपिंडातून इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड एकास एक या प्रमाणात बाहेर पडतात, कारण दोन्ही एकाच मोठ्या रेणूचे तुकडे आहेत. रक्तात मात्र त्यांचे प्रमाण सारखे राहत नाही. निम्म्याच्या आसपास इन्सुलिन यकृतच पहिल्या फेरीत काढून घेते आणि उरलेले काही मिनिटांत संपते, तर सी-पेप्टाइड अर्ध्यावर यायला सुमारे अर्धा तास घेते. म्हणून उपाशी पोटी निरोगी माणसात सी-पेप्टाइडचे रेणू इन्सुलिनच्या साधारण दहापटीच्या आसपास असतात. तुमच्या अहवालात इन्सुलिन १.८, म्हणजे सुमारे ११ पिकोमोल, आणि सी-पेप्टाइड २.३, म्हणजे सुमारे ७६० पिकोमोल आहे. हे प्रमाण जवळजवळ सत्तर पट भरते. एकाच स्वादुपिंडातून बाहेर पडलेल्या दोन वस्तूंचा असा हिशेब सहसा लागत नाही. इन्सुलिन खरोखर कमी होते यापेक्षा ते नळीत नष्ट झाले, हेच मला अधिक संभवनीय दिसते.

सी-पेप्टाइड ‘सामान्य मर्यादेत’ आहे, या वाक्याने अनेक जण फसतात. ती मर्यादा साखर सामान्य असणाऱ्यांसाठी छापलेली असते. साखर ४३ असताना निरोगी शरीर इन्सुलिन बनवणे जवळजवळ थांबवते आणि सी-पेप्टाइड ०.६ च्या खाली उतरायला हवे. २.३ हा आकडा एरवी साधा आहे, पण त्या पहाटे तो साधा नव्हता.

हे सर्व ठरवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. साखरेचा नमुना कोणत्या रंगाच्या टोपणाच्या नळीत घेतला? तो प्रयोगशाळेत किती वेळाने पोहोचला? यजमानांचे क्रिएटिनिन किती आहे? सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून बाहेर जाते, त्यामुळे मूत्रपिंड मंद असेल तर ते उगाच साचून राहते. ते केसांसाठी बायोटिनची मोठी मात्रा घेतात का? आणि घरात कोणी मधुमेहाच्या गोळ्या घेते का?

ओंजळ

माझ्या आईलाही रात्री असाच घाम येतो. ती मधुमेहाची गोळी आणि रात्रीचे इन्सुलिन घेते. तिचेही सी-पेप्टाइड करून घ्यावे का? आणि ते करायचे तर घाम येईपर्यंत थांबावे का?

जुनी वही

ओंजळ, तुमच्या आईचा प्रश्न वेगळा आहे. साखर कमी होण्याचे कारण तिच्या औषधांतच समोर दिसत असताना या तपासण्यांनी काही नवीन कळणार नाही, आणि त्यासाठी थांबणे तर धोक्याचे आहे. घाम आला की मीटरने साखर पाहा, आकडा कमी दिसला तर शुद्ध असलेल्या माणसाला सुमारे पंधरा ग्रॅम साखर तोंडाने द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारा. निशिगंध ज्याबद्दल विचारत आहेत, तो मधुमेह नसलेल्या माणसाचा शोध आहे.

निशिगंध

आपल्या प्रश्नांची उत्तरे देते. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी आणि बाकीसाठी साधी नळी वापरली होती. रुग्णालयातील प्रयोगशाळेत फक्त साखर होते, इन्सुलिनचा नमुना बाहेर जातो. त्या दिवशी तो माणूस साडेसातला आला, म्हणजे नळ्या जवळजवळ दोन तास तिथल्या टेबलावर स्टँडमध्ये उभ्या होत्या. बर्फ नव्हता. साखर त्यांनी तिथेच केली, पण तीही साडेसहाच्या सुमारास. क्रिएटिनिन ०.९ आहे. बायोटिन किंवा इतर कोणते पूरक ते घेत नाहीत.

शेवटच्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडवली आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्या ग्लिमेपिराइड घेतात. त्यांच्या आणि यजमानांच्या गोळ्यांचे डबे एकाच फळीवर असतात. यजमान रात्री झोपताना रक्तदाबाची एक गोळी घेतात आणि ती बहुतेक वेळा अंधारातच, दिवा न लावता घेतात.

वाटसरू

हीमोलिसिसचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो मान्य करतो. पण एक शंका राहतेच. जुनी वही यांनी स्वतःच लिहिले आहे, की इन्सुलिन मिनिटांत संपते आणि सी-पेप्टाइड अर्ध्या तासात अर्ध्यावर येते. मग असे होऊ शकत नाही का, की आधी इन्सुलिन वाढले, त्याने साखर पाडली आणि ते बंद झाले, पण नमुना घेतला तेव्हा सी-पेप्टाइड मागे रेंगाळत होते? तसे असेल तर इन्सुलिनचा १.८ हा आकडा खराही असू शकतो.

जुनी वही

शंका चांगली आहे, आणि हाच नमुना जेवणानंतर तीन तासांनी घेतलेला असता तर मी तिच्यासमोर थांबलो असतो. जेवणानंतर भराभर वर जाऊन खाली येणाऱ्या साखरेत, विशेषतः जठराची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांत, असे मागे राहिलेले सी-पेप्टाइड दिसू शकते आणि तिथे आकड्यांचा अर्थ लावणे खरोखर अवघड जाते. पण इथे पहाटेचे पावणेसहा वाजले होते. निशिगंध, रात्रीचे जेवण किती वाजता झाले होते ते सांगाल का? ते साडेआठ-नऊला झाले असेल, तर दर अर्ध्या तासाला निम्मे होणारी वस्तू इतक्या तासांनंतर २.३ वर राहण्यासाठी तिचा पुरवठा रात्रभर चालूच असायला हवा.

आता कीटोनकडे पाहू, कारण तो आकडा नळीतल्या या भानगडीपासून बराचसा अलिप्त आहे. इन्सुलिन रक्तात असले की चरबी मोडून कीटोन बनणे दबते. इन्सुलिन खरोखर बंद असते आणि दुसऱ्या एखाद्या कारणाने साखर ४३ वर आली असती, तर शरीराने चरबीकडे धाव घेतली असती आणि कीटोन चढले असते. तुमच्याकडे ते ०.१ आहे. म्हणजे मोजणीत न सापडलेल्या इन्सुलिनच्या पाऊलखुणा इथे उमटलेल्या दिसतात. मात्र याला फार ताणू नये. नऊ तासांच्या उपवासानंतर कित्येक निरोगी माणसांचेही कीटोन कमीच असते. २.७ मिलिमोल ही जी मर्यादा तुम्हाला वाचायला मिळेल, ती लांबलेल्या उपवासाच्या शेवटी घेतलेल्या नमुन्यासाठी आहे. म्हणून ०.१ ला मी पुरावा न म्हणता आधार म्हणेन.

साखरेच्या आकड्याबद्दलही दोन शब्द लिहितो. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तात त्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. राखाडी नळीतील फ्लुओराइड हे थांबवते, पण त्याचा पूर्ण प्रभाव बसायलाच तास-दोन तास लागतात. समजा तुमच्या नळीत पाऊण तासात सहा टक्के साखर गेली, तर मूळ आकडा ४६ च्या आसपास येतो, आणि घरचे मीटर ४७ दाखवत होते. फार तर दहा टक्के धरले तरी तो ४८ होईल. ५५ च्या बराच खाली आहे, म्हणून साखर खरोखर कमी होती यात मला शंका वाटत नाही. हेच रक्त साध्या नळीत पाच तास पडून मग ४३ आले असते, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. धडधाकट माणसे अशा कागदामुळे घाबरून आलेली मी पाहिली आहेत.

निशिगंध

जेवण नऊच्या आधीच झाले होते. त्यानंतर त्यांनी फक्त पाणी आणि ती रात्रीची गोळी घेतली.

पानगळ

निशिगंध, फळीवरच्या डब्यांची गोष्ट वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. माझ्या भावाचे सर्व आकडे अगदी पुस्तकी आले होते: साखर ३८, इन्सुलिन ११, सी-पेप्टाइड ३.४. त्याला मधुमेह नव्हता. स्वादुपिंडात गाठ असणार असे धरून आम्ही स्कॅनची वेळ घेतली आणि घरात शस्त्रक्रियेच्या खर्चाची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरने आग्रह धरला, की त्याच नमुन्यातील उरलेल्या सीरममध्ये सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्यांचा अंश तपासू. तो सापडला. पित्तासाठी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या पाकिटात मधुमेहाच्या गोळीची पट्टी निघाली. दोन्ही पट्ट्या एकाच आकाराच्या, चंदेरी आणि पाठीमागे निळ्या अक्षरांच्या होत्या. दुकानदाराने मुद्दाम काही केले असे मी म्हणत नाही, पण त्या चुकीपायी भावाच्या पोटावर सुरी चालली असती.

जुनी वही

पानगळ यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला स्वतःचेच इन्सुलिन सोडायला लावतात. त्यामुळे इन्सुलिनही वाढते, सी-पेप्टाइडही वाढते आणि कीटोन दबते. इन्सुलिनच्या गाठीतही हेच चित्र दिसते. रक्ताचे हे तीन आकडे या दोघांत फरक करू शकत नाहीत, तो फक्त औषधाच्या शोधातूनच कळतो. सुईने बाहेरून इन्सुलिन घेतलेल्या माणसात मात्र इन्सुलिन वर आणि सी-पेप्टाइड तळाला असते. दोन्ही तपासण्या एकत्र लिहून देण्याचे हे एक मोठे कारण आहे.

निशिगंध, प्रयोगशाळेला आजच फोन करा आणि त्या पहाटेच्या नमुन्याचे सीरम उरले आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी ते काही दिवस गोठवून ठेवतात आणि मग टाकून देतात. उरले असेल तर त्याच सीरमवर सल्फोनिलयुरियाची तपासणी मागा, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते करणार नाहीत, म्हणून डॉक्टरांनाही फोन लागेल. आज नव्याने काढलेले रक्त या कामाला फारसे उपयोगी नाही, कारण त्या पहाटे शरीरात काय होते हा प्रश्न आहे.

तळटीप

मी अंतःस्रावी विकारांचा डॉक्टर आहे. रुग्ण पाहिलेला नाही, त्यामुळे हे मत कागदापुरते समजावे.

जुनी वही यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत थोडे निराळे आहे. रुग्णाला लक्षणे होती, त्याच वेळी साखर मोजून कमी आली आणि ग्लुकोज दिल्यावर बारा मिनिटांत लक्षणे गेली. साखर खरोखर कमी होते का हे ठरवण्यासाठी व्हिपल यांनी १९३८ साली मांडलेल्या तीनही अटी इथे पूर्ण होतात. जोडीला सी-पेप्टाइड ०.६ च्या बरेच वर आहे आणि क्रिएटिनिन सामान्य आहे. माझ्या दृष्टीने शरीरांतर्गत इन्सुलिन जास्त सुटते आहे हे या एका नमुन्यावरून जवळजवळ ठरते. इन्सुलिनचा खराब झालेला आकडा बाजूला ठेवला तरी बिघडत नाही. गोळीची तपासणी नकारात्मक आली, तर इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे पाहून मी प्रतिमाचित्रणाकडे वळेन.

प्रतिपिंडांचा उल्लेख अशासाठी केला, की ती असली तर इन्सुलिनचा आकडा अनेकदा शेकड्यांत जातो. इथे तो खाली आहे, त्यामुळे ते कारण मला दूरचे वाटते. आणि स्कॅन आधी करून मग रक्त शोधू नये, असे मात्र मी ठामपणे सांगेन. या गाठी बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, त्यामुळे त्या स्कॅनमध्ये निसटू शकतात, आणि उलट काही संबंध नसलेला एखादा डाग दिसून माणूस भलत्याच वाटेला लागतो.

जुनी वही

आपण रोज रुग्ण पाहता, मी नळ्या पाहिल्या, तेव्हा वजन आपल्याच मताला आहे. तरीही पुढे शस्त्रक्रियेची शक्यता असेल, तर फुटलेल्या एकाच नमुन्यावर ती उभी राहू नये असे मला वाटते. मी स्वतः इन्सुलिनच्या अशा आकड्याला ‘अहवाल देता येत नाही’ एवढाच शेरा दिला असता. तो छापल्यामुळेच वाटसरू यांच्यासारख्या वाचणाऱ्या माणसालाही शंका मिटल्यासारखे वाटले.

देखरेखीखालचा उपवास करून नमुना पुन्हा घ्यावा, असे आपल्याला वाटत नाही का?

तळटीप

तसे करण्यात गैर काहीच नाही आणि अनेक जण ते करतीलच. रुग्णालयात दाखल करून फक्त पाणी देतात, साखर उतरू लागली की वारंवार मोजतात, आणि ती ५५ च्या खाली जाऊन लक्षणे दिसली की सर्व नमुने घेऊन उपवास मोडतात. उपवासाची कमाल मर्यादा ७२ तास असली तरी यांची साखर नऊ तासांत उतरते, म्हणजे बहुधा पहिल्याच दिवसात काम होईल. शेवटी शिरेतून १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन देऊन अर्ध्या तासात साखर किती चढते ते पाहता येते. ती २५ किंवा त्याहून अधिक चढली, तर यकृतात साठा शिल्लक होता आणि इन्सुलिनने तो दाबून ठेवला होता असे समजते. इन्सुलिन मोजण्यात गफलत झाली असेल तेव्हा हा कस फार कामाचा ठरतो, कारण तो नळीतल्या इन्सुलिनवर अवलंबून नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे, की ज्याची शंका गोळीवर आहे त्याला हे आधी करायला लावावे का? मी आधी गोळीचा निकाल पाहीन. त्यापुढे उपवास की थेट प्रतिमाचित्रण, यावर दोन अनुभवी डॉक्टर दोन उत्तरे देतील.

वाटसरू

माझ्या पहिल्या उत्तरातील ‘निकालात निघाली’ हे शब्द मी मागे घेतो. मात्र तो आकडा नळीतच घटला हे कोणी प्रत्यक्ष दाखवलेले नाही, ते प्रमाणावरून काढलेले अनुमान आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

जुनी वही

अगदी मान्य. म्हणूनच पुढचा नमुना नीट मिळावा असे मी म्हणत आहे.

निशिगंध

समजा परत त्रास झालाच, तर आम्ही काय वेगळे करावे? त्या पहाटे मी गोंधळून गेले होते आणि रुग्णालयातही या तपासण्या कोणाला ठाऊक नव्हत्या.

जुनी वही

पहिली गोष्ट म्हणजे, यजमान हाकेला नीट उत्तर देत नसतील, गिळू शकत नसतील किंवा झटका आला असेल, तर नमुन्याचा विचारही करू नका. तोंडात काही न घालता त्यांना कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. शिरेतून ग्लुकोज मिळणे हेच तेव्हाचे काम आहे. आणि निदान होईपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये.

ते बोलत असतील तर चिठ्ठी आणि नळ्यांची यादी एका पाकिटात घालून दाराजवळ ठेवा. परिचारिकेला आधीच सांगा, की सुई जरा मोठी घ्यावी, रक्त हळू ओढावे, आणि सिरिंजची सुई काढून, टोपण उघडून ते नळीच्या कडेने वाहू द्यावे. साखर राखाडी नळीत जाईल. इन्सुलिन-सी-पेप्टाइडची नळी घेतल्याबरोबर बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर फिरवून सीरम वेगळे करायला हवे. बाहेर पाठवायचे असेल तर रक्ताची नळी न पाठवता वेगळे केलेले, गोठवलेले सीरम पाठवावे. नमुना घेतल्याची वेळ, ग्लुकोज दिल्याची वेळ आणि लक्षणे गेल्याची वेळ नळीवर व कागदावर दोन्हीकडे लिहून घ्या. ग्लुकोजनंतरची साखरही एकदा मोजून घ्या. गेल्या वेळी तुम्ही बारा मिनिटे लक्षात ठेवलीत, पण ती साखर किती झाली हे कोणी पाहिले नाही.

सासूबाईंचा डबा आजच वेगळ्या खोलीत हलवा आणि त्यांच्या पट्ट्यांतील गोळ्या मोजा. खरेदीची तारीख आणि रोजची मात्रा माहीत असेल तर किती उरायला हव्यात ते काढता येईल.

ओंजळ

आईच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला होता. त्यांनी रात्रीची मात्रा कमी केली आहे. इथला विषय वेगळा होता हे आता लक्षात आले, तरी उत्तराबद्दल आभार.

निशिगंध

सहा दिवसांनी लिहिते आहे. सीरम उरले होते, जेमतेम अर्धा मिलिलिटर. डॉक्टरांनी फोनवरच चिठ्ठी दिली आणि ते दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले आहे. अहवालाला आणखी आठ-दहा दिवस लागतील.

गोळ्या मोजल्या. दुकानाची पावती सापडली. सासूबाई रोज एक घेतात, त्या हिशेबाने १९ उरायला हव्या होत्या आणि निघाल्या १४. पण मध्यंतरी त्या चार दिवस नणंदेकडे राहून आल्या आणि तिकडे पट्टी नेली होती का, हे त्यांना आठवत नाही. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत उलट तीन जास्त निघाल्या. त्यांची गोळी आणि ग्लिमेपिराइड हातात घेऊन पाहिल्या, तर अंधारात बोटांना दोन्ही सारख्याच लागतात.

डबा हलवल्यापासून एकदाही त्रास झालेला नाही. पण त्याच दिवसापासून ते झोपण्यापूर्वी खाऊन झोपतात, त्यामुळे श्रेय कशाला द्यावे ते कळत नाही. आठ महिन्यांतले सर्वच प्रसंग चुकीच्या गोळीने झाले असतील का, दुपारी जेवण टळल्यावर जे होत होते तेही, याचे उत्तरही अजून माझ्याजवळ नाही.

जुनी वही

ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, तेव्हा रात्री घेतलेल्या गोळीने दुसऱ्या दुपारी साखर उतरणे अशक्य नाही. पण आठ महिने वारंवार तीच चूक व्हावी, हे मला जरा जड जाते. पाच गोळ्यांची तूट नणंदेकडेच निघाली तर? अहवाल येईपर्यंत ते दाराजवळचे पाकीट तिथून हलवू नका.

निशिगंध

पाकीट तिथेच आहे. नळ्यांच्या यादीखाली लाल शाईने ‘आधी रक्त, मग साखर’ असे लिहून ठेवले आहे, आणि त्याच्या खाली ‘शुद्ध नसेल तर आधी साखर, तीही शिरेतूनच’. अहवाल आला की इथेच कळवते.